एक नंबर, दोन फोन: रोपवाटिकेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातली ही एक मध्यम रोपवाटिका. टोमॅटो, मिरची, कोबी आणि फ्लॉवरची रोपं कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये तयार होतात. शेतकरी बियाण्याचं पाकीट आणून देतो, थोडी उचल देतो आणि रोपं तयार झाली की घेऊन जातो. टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत लावणीला येतं. म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर घेतलेली ऑर्डर जूनच्या मध्यावर द्यायची असते. मधल्या महिन्यात कोणाचं बियाणं कोणत्या वाफ्यावर आहे, किती ट्रे आहेत, उचल किती आली, हे सगळं मालकांच्या व्हॉट्सॲपमध्ये असायचं. वही होती, पण ती दोन वर्षांपासून कोरीच होती.

मालकांना आपण अण्णा म्हणू आणि त्यांच्या पत्नीला काकू. मी तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग चालवतो. त्यांचा मुलगा माझ्याकडे शिकून पुढे पुण्याला गेला, त्यामुळे फोनचं काही अडलं की निरोप माझ्याकडे येतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

अडचण काय होती

अण्णा दिवसभर शेडनेटमध्ये असतात. हात ओले, कोकोपीटने माखलेले. फोन वाजला तरी उचलता येत नाही आणि संध्याकाळी बघावं तर चाळीस मेसेज. काकू घरी असतात, लिहितात छान, हिशोबाला पक्क्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : "ह्यांच्या नंबरवर येणारं मला घरी दिसलं, तर निम्म्या लोकांना मीच उत्तर देईन."

नंबर बदलायचा नव्हता. दहा वर्षांत तो नंबर तीन तालुक्यांत पोचला होता. म्हणून मे २०२५ मध्ये आम्ही अण्णांचंच खातं घरातल्या एका जुन्या अँड्रॉइड फोनवर जोडायचं ठरवलं. एप्रिल २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये ही सोय आहे. मुख्य फोन सोडून आणखी चार उपकरणं त्याच खात्याला जोडता येतात आणि त्यातलं एखादं किंवा सगळीच फोन असू शकतात.

काकूंच्या रोजच्या फोनवर त्यांचं स्वतःचं खातं होतं आणि त्याला हात लावायचा नव्हता. जुन्या फोनमध्ये सिमकार्ड नव्हतं. त्याची गरजही नव्हती, घरचं वायफाय पुरलं.

जोडणी

जुन्या फोनवर ॲप टाकलं. जिथे मोबाईल नंबर विचारतात त्या पडद्यावर नंबर न टाकता वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले आणि `Link as companion device` निवडलं. क्यूआर कोड आला. अण्णांच्या फोनवर `Linked devices` मधून `Link a device` दाबून तो स्कॅन केला. पाच मिनिटांचं काम.

थोड्या वेळाने चॅट उतरू लागली. इथेच पहिली गोष्ट लक्षात आली : सगळा इतिहास येत नाही, अलीकडचा येतो. मागच्या हंगामांतल्या जुन्या बोलण्यासाठी मुख्य फोनच उघडावा लागणार होता. काकूंना ते चाललं, कारण चालू ऑर्डरी सगळ्या दिसत होत्या.

दुसरी गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. इथे निवड नसते. धंद्याची चॅट तेवढी घरच्या फोनवर आणि नातेवाइकांची अण्णांकडे, असं होत नाही. जे आहे ते सगळं दोन्हीकडे दिसतं. या घरात त्याने काही बिघडलं नाही, पण दुकानातल्या नोकराच्या हाती जोडलेला फोन द्यायचा असेल, तर ही बाब आधी बघायला हवी.

पहिल्या तीन आठवड्यांत काय काय थांबलं

मेसेज, फोटो, आवाजी निरोप आणि व्हॉट्सॲप कॉल हे सगळं घरच्या फोनवर नीट चालत होतं. अण्णांचा फोन बंद असला तरी चालायचं, कारण जोडलेलं प्रत्येक उपकरण सर्व्हरशी स्वतंत्र बोलतं आणि मेसेज पाठवणाऱ्याचा फोन प्रत्येक उपकरणासाठी वेगळी कुलूपबंद प्रत पाठवतो. ही रचना समजली की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

पहिला अडथळा आला तो ब्रॉडकास्ट लिस्टचा. अण्णांनी पिकांनुसार याद्या केल्या होत्या. "टोमॅटोची रोपं सोमवारपासून तयार" हा निरोप एकदा लिहिला की प्रत्येकाला स्वतंत्र जायचा. काकूंना घरच्या फोनवर त्या याद्या कुठेच सापडेनात. त्या मुख्य फोनवरच राहतात, जोडलेल्या फोनवर दिसत नाहीत आणि नव्याने करताही येत नाहीत. मला न विचारता काकूंनी वाट काढली : सत्तर शेतकऱ्यांचा ग्रुप केला. दुसऱ्याच दिवशी एकाने ग्रुपमध्ये विचारलं, "शेजारच्या गावात ट्रे स्वस्त देतात, तुमचा भाव कमी का नाही?" आणि सगळे उतरले. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसला, तो वेगळाच प्रश्न. ग्रुप दोन दिवसांत बंद केला आणि याद्यांचं काम रात्री अण्णांच्याच फोनवरून करायचं ठरलं.

दुसरा अडथळा गाडीचा. रोपं पोचवणारा टेम्पोवाला अण्णांना लाइव्ह लोकेशन पाठवतो. ते जोडलेल्या फोनवर बघता येत नाही. चालकाला सांगितलं की निघताना आणि वाटेत एकदा साधं, त्या क्षणापुरतं लोकेशन पाठव. काम भागलं.

तिसरा पैशांचा. यूपीआय ज्या फोनमध्ये सिम आहे त्या फोनशी आणि त्या सिमशी बांधलेलं असतं. खातं जोडलं म्हणून पैसे देणं-घेणं घरच्या फोनवर येत नाही. ते आम्हाला आधीपासून माहीत होतं, त्यामुळे कोणी फसलं नाही.

या तिन्हींपेक्षा जास्त त्रास ज्याने दिला, ती गोष्ट कुठल्याच "चालत नाही" यादीत बसत नाही. अण्णांची पद्धत अशी होती की न वाचलेला मेसेज म्हणजे राहिलेलं काम. हिरवा आकडा दिसला की तिथे बघायचं. आता काकूंनी घरी मेसेज उघडला की अण्णांच्या फोनवरचाही तो आकडा जायचा. काकू म्हणायच्या, "भावाचं ह्यांना विचारून सांगते," आणि मेसेज तसाच ठेवायच्या. अण्णांना वाटायचं, आकडा नाही म्हणजे उत्तर गेलं. चांदोरीच्या एका शेतकऱ्याला चार दिवस दोघांपैकी कोणीच कळवलं नाही. तो शेवटी गाडी घेऊन दारातच आला.

यावर उपाय साधा निघाला. ज्याला अण्णांना विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही, ते चॅट काकू परत `Mark as unread` करून ठेवू लागल्या.

११ जून

दुपारी फॉगर दुरुस्त करताना अण्णांचा फोन खिशातून निसटला आणि खताचं पाणी साठवलेल्या टाकीत पडला. बाहेर काढेपर्यंत पडदा काळा. दुकानदार म्हणाला, पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस लागतील, आणि आतला बोर्ड वाचेलच असं नाही.

चौदा तारखेपासून रोपं द्यायची होती. त्रेसष्ट ऑर्डरी डोक्यावर होत्या.

सिमकार्ड काढून त्यांनी एका बटणांच्या फोनमध्ये टाकलं. फोन येऊ लागले, बँकेचे मेसेज येऊ लागले, त्यामुळे दारावर लावलेल्या क्यूआर कोडवर कोणाचे पैसे आले ते कळत होतं. आणि घरच्या जोडलेल्या फोनवर व्हॉट्सॲप जसंच्या तसं चालू होतं. संध्याकाळी काकूंचा मला फोन आला.

"सर, पोरगा म्हणतो दुसऱ्या मोबाईलमध्ये कार्ड टाका, व्हॉट्सॲप चालू करा, ओटीपी येईल, झालं. करू का?"

मी म्हटलं, "काकू, आज रात्री काहीही करू नका. मी सकाळी येतो."

समोरचे पर्याय

मुलाचा सल्ला वरवर बरोबर होता आणि बहुतेक लोक तेच करतात. पण नंबर नव्या फोनवर नोंदवला की तो नवा फोन मुख्य होतो आणि आधी जोडलेली सगळी उपकरणं खात्यातून बाहेर पडतात. काकूंच्या हातातला फोन पुन्हा नंबर विचारणाऱ्या पडद्यावर जाईल आणि त्यातल्या चॅट जातील. नव्या फोनवर येईल ते फक्त बॅकअपमध्ये असेल तेवढंच. म्हणून सकाळी पहिला प्रश्न मी विचारला तो बॅकअपचा.

मुलाने पुण्याहून अण्णांचं गुगल खातं उघडून बघितलं. शेवटचा बॅकअप ३ एप्रिलचा निघाला. कारणही तिथेच होतं. व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी गुगलच्या फुकट जागेत मोजला जात नसे. २०२४ पासून तो १५ जीबीच्या हिशोबात धरला जातो. अण्णांच्या खात्यात रोपांचे व्हिडिओ आणि फोटो भरले होते, जागा संपली आणि बॅकअप थांबला. फोनने सूचना दिली असणार, पण ती कोणी वाचली नाही.

फोन स्वतःच्या मेमरीतही रोज एक प्रत ठेवतो, पण तो फोन तर बंद पडून दुकानात होता. आणि जोडलेल्या फोनवरून बॅकअप घेता येत नाही. चॅट दुसऱ्या फोनवर हलवण्याची सोयही मुख्य फोनवरच आहे. म्हणजे ज्या एका जागी मे-जूनच्या सगळ्या ऑर्डरी वाचता येत होत्या, तिथून त्या एकगठ्ठा बाहेर काढायला सरळ रस्ता नव्हता.

थांबण्यालाही मर्यादा होती. मुख्य फोन चौदा दिवस वापरात नसेल तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. अण्णांनी फोन शेवटचा ११ तारखेला वापरला होता, म्हणजे २५ जूनपर्यंतची मुदत. दुकानदाराचे दहा दिवस वाढले, की तीही हातची जाणार.

तेव्हा खरी निवड अशी होती : दुरुस्तीची वाट बघायची आणि मुदत जवळ आली की नवा फोन घ्यायचा, किंवा लगेच नवा फोन घ्यायचा. पण दोन्हींच्या आधी घरच्या फोनमधलं जे हवं ते कागदावर आणायचंच, यावर माझं मत ठाम होतं. अण्णांना घाई होती, नवा फोन आजच घेऊ म्हणत होते. ते काकूंनी अडवलं : "ट्रे कोणाचा हे मला सांगता आलं नाही, तर दारात भांडणं होतील. आधी वही."

काय केलं

१२ आणि १३ जूनच्या संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो. मी चॅट उघडून वाचायचो, काकू लिहायच्या, अण्णा वाफा कोणता ते सांगायचे. वहीत रकाने केले : नाव, गाव, पीक, बियाण्याची जात, ट्रे किती, पेरणीची तारीख, द्यायची तारीख, उचल. बियाण्याच्या पाकिटांचे आणि पावत्यांचे फोटो मेमरी कार्डवर घेतले.

एकसष्ट ऑर्डरी स्वच्छ मिळाल्या. दोन चॅटमध्ये नेमक्या ऑर्डरीच्या जागी करड्या अक्षरांत एवढंच होतं :

`Waiting for this message. This may take a while.`

काकूंना वाटलं नेट गेलं. नेट ठीक होतं. पाठवणाऱ्याचा फोन प्रत्येक उपकरणासाठी वेगळी प्रत पाठवतो, हे वर आलंच आहे. जोडलेल्या फोनला त्याची प्रत नीट उघडता आली नाही, तर तो पाठवणाऱ्याच्या फोनकडे पुन्हा मागतो आणि ती मिळेपर्यंत हे वाक्य दिसतं. अण्णांचा फोन चालू असता तर तोच मेसेज तिथे वाचता आला असता. आता तसं नव्हतं. दोघांना बटणांच्या फोनवरून फोन केला आणि ऑर्डर पुन्हा लिहून पाठवायला सांगितली. सिन्नरकडच्या शेतकऱ्याने रात्रीच पाठवली. दुसऱ्याने तोंडीच सांगितली, ती वहीत उतरवली.

यानंतर थांबायचा निर्णय घेतला, कारण घरचा फोन चालत होता आणि रोपं देण्याच्या धांदलीत खातं हलवणं धोक्याचं होतं. १४ ते २० जून सगळा व्यवहार वही आणि काकूंच्या हातातला फोन यांवर झाला. ब्रॉडकास्ट नव्हतंच. रोपं तयार झाल्याचा निरोप काकूंनी एकेकाला कॉपी-पेस्ट करून पाठवला.

२० तारखेला दुकानातून कळलं, बोर्ड गेला. अण्णांनी २१ ला नवा फोन घेतला. नोंदवण्याआधी मी मुलाला विचारलं, "टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावलाय का?" लावला होता, त्यानेच, आणि अण्णांना तो माहीत नव्हता. सहा आकडी पिन आठवत नसेल आणि ईमेलही दिलेला नसेल, तर सात दिवस वाट बघावी लागते. आम्ही तसेच नोंदवायला गेलो असतो आणि मुलाचा फोन लागला नसता, तर घरचा फोन बाहेर पडलेला आणि नवा उघडत नाही, अशा कचाट्यात हंगामाच्या ऐन मध्यावर सापडलो असतो. पिन हाती आल्यावरच ओटीपी मागवला.

निष्पत्ती

बॅकअपमधून ३ एप्रिलपर्यंतच्या चॅट नव्या फोनवर आल्या. त्याच क्षणी काकूंच्या हातातला फोन खात्यातून बाहेर पडला. ४ एप्रिल ते २१ जूनचं बोलणं गेलं ते गेलंच. पण वही होती, त्यामुळे त्रेसष्टपैकी एकाही शेतकऱ्याला चुकीचे ट्रे गेले नाहीत. उचलीच्या रकमेवरून एकाशी थोडी बाचाबाची झाली, ती बँकेच्या मेसेजवरून मिटली. सर्वांत जास्त हळहळ अण्णांना लागली ती वेगळ्याच गोष्टीची : मे महिन्यात नातीच्या पहिल्या बोबड्या बोलांचे आवाजी निरोप बहिणीने पाठवले होते, ते बहिणीकडेही राहिले नव्हते. ऑर्डरी उतरवताना त्यांची आठवण आम्हा तिघांपैकी कोणालाच झाली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

जोडणीच्या दिवशीच मी `Chat backup` उघडून शेवटची तारीख बघायला हवी होती. एका मिनिटाचं काम. व्हिडिओ वगळून बॅकअप घेतला असता तर अण्णांच्या खात्यात थोडी जागा करूनही भागलं असतं. दुसरा फोन जोडल्यावर सगळं दोन ठिकाणी दिसू लागतं आणि ते सुरक्षित आहे असं वाटतं. मलाही वाटलं होतं. दुसरा फोन ही त्याच खात्याची खिडकी आहे, मुख्य फोन गेला की ती चौदा दिवसांत बंद होते.

दुसरं, कोणता फोन मुख्य करायचा हा विचार आम्ही केलाच नाही. ज्याचं खातं त्याचा फोन मुख्य, असं गृहीत धरलं. पण अण्णांचा फोन रोज पाण्यात, चिखलात, उन्हात जातो, आणि घरचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला असतो. पडण्याची शक्यता ज्याची जास्त, तो जोडलेला असावा. मग तो टाकीत पडला तरी दुसरा फोन आणून पुन्हा क्यूआर स्कॅन केला की काम चालू. २१ जूनला आम्ही तसंच केलं. नवा फोन घरी ठेवून मुख्य केला आणि अण्णांना एक साधा स्मार्टफोन जोडून दिला. सिमकार्ड मात्र कॉलसाठी अण्णांकडेच ठेवलं. ब्रॉडकास्टच्या याद्याही आता काकूंच्या हातात आल्या, जे आधीच व्हायला हवं होतं.

ही मांडणी पाच महिने चालली. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश दिला की ज्या सिमवर खातं नोंदवलं आहे, ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय सेवा चालू नये. त्यासाठी नव्वद दिवस दिले. वेब आवृत्ती सहा तासांच्या आत आपोआप बाहेर पडावी, असंही त्यात आहे. मुख्य फोन घरी आणि सिम शेतात, ही आमची घडी या आदेशात बसत नाही. म्हणून डिसेंबरमध्ये सिमकार्ड घरच्या फोनमध्ये घातलं आणि त्यावर येणारे कॉल अण्णांच्या दुसऱ्या नंबरवर वळवले. यूपीआयही घरच्या फोनवर नव्याने चालू करून घेतलं. अण्णा आता खिशात जो फोन बाळगतात त्यात जोडलेलं व्हॉट्सॲप आणि दुसऱ्या नंबरचं सिम एवढंच आहे. वही अजून ओट्यावर असते आणि काकू रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या ऑर्डरी तीत उतरवतात.